तोच रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतोय? वॅटेज ठरवताना काय तपासायचं

दोन बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, त्यावर चालणारा एखादा कंट्रोल बोर्ड, आणि बोर्डवर व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारा झेनर डायोड. झेनरच्या आधी ४७० ओमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर. अशा बोर्डांवर हा एकच रेझिस्टर जळतो, बदलला की काही महिने चालतो आणि पुन्हा जळतो. दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांमध्ये मी ही तक्रार इतक्या वेळा पाहिली आहे की, झाकण उघडायच्या आधीच कुठे बघायचं ते ठरलेलं असतं. खालचं सगळं याच सर्किटच्या आधाराने लिहिलं आहे. तुमचे व्होल्ट आणि ओम वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा.

## लक्षणं

रेझिस्टर पूर्ण ओपन होतो ती शेवटची पायरी. त्याआधी बरंच काही दिसत असतं:

- रेझिस्टरखालचा बोर्ड पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळा पडतो.
- रंगपट्टे फिके किंवा गडद होतात आणि ओळखू येत नाहीत.
- पायांजवळचं सोल्डर निस्तेज दिसतं, त्याला गोल तडा जातो, आणि बोर्डवर टिचकी मारली की सर्किट चालू-बंद होतं.
- बॅटरी चार्ज होत असताना बिघाड येतो, चार्जर काढला की सगळं ठीक चालतं.
- शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेला असतो.

चार्जिंगच्या वेळचा बिघाड हे यातलं सर्वांत बोलकं लक्षण आहे. का ते चौथ्या तपासणीत येईल.

## १. सप्लाय काढा आणि नुसतं बघा

याला पैसे लागत नाहीत आणि अर्धं निदान इथेच होतं. बॅटरी आणि चार्जर दोन्ही सोडवा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, मग रेझिस्टरकडे नीट बघा.

बोर्ड मोठ्या भागात हळूहळू तपकिरी झाला असेल, सोल्डर रया गेल्यासारखं दिसत असेल, पण रेझिस्टरचं अंग अजून अखंड असेल, तर तो महिनोन्‌महिने जरा जास्त तापत आला आहे. हा वॅटेजचा प्रश्न आहे. याउलट बोर्ड आजूबाजूला स्वच्छ, आणि रेझिस्टर मात्र फुटलेला, कोळसा झालेला किंवा वरचा लेप उडालेला असेल, तर काहीतरी एकदम घडलं आहे. तिथे नुसतं वॅटेज वाढवून उपयोग नाही, कारण दोषी दुसराच कोणीतरी आहे.

## २. झेनर आणि लोड शॉर्ट नाहीत ना?

झेनर जास्त तापून मेला तर तो बहुतेक वेळा शॉर्ट होतो. शॉर्ट झाला की रेझिस्टरवर सप्लायचे सगळेच्या सगळे व्होल्ट येतात. चार्जिंगच्या वेळी ते २८.८ असतात, म्हणजे:

```
P = V² / R = 28.8² / 470 = 1.76 W
```

अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरवर साडेतीन पट भार. तो टिकणं शक्यच नाही. म्हणून नवा रेझिस्टर लावायच्या आधी झेनरचा एक पाय बोर्डवरून उचला आणि मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही बाजूंनी तपासा. एका दिशेला साधारण ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेला ओपन दिसायला हवं. दोन्ही दिशांना शून्याच्या आसपास दिसलं तर झेनर गेला. पाय न उचलता मोजलं तर समांतर असलेल्या लोडमुळे आकडा फसवतो. झेनर बाजूला असतानाच १२ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात ओमही मोजून घ्या. तिथे दहा-वीस ओम दिसत असतील तर लोडकडेच शॉर्ट आहे.

झेनरचं वॅटेजही याच वेळी बघून घ्यावं. आपल्या सर्किटमध्ये लोड काढलेला असताना झेनरमधून ३६ मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो, म्हणजे त्याच्यात ०.४३ वॅट उष्णता. काचेचा छोटा अर्ध्या वॅटचा झेनर तिथे कायम काठावर असतो. एक वॅटचा लावा.

## ३. लावलेला रेझिस्टर खरंच ४७० ओमचा आहे का?

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. ४७० ओमचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. ४७ ओमचे पिवळा, जांभळा, काळा. रेझिस्टर भाजला की तपकिरी पट्टा काळा दिसायला लागतो. मग आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी जुन्याचे पट्टे वाचून इमानेइतबारे ४७ ओम बसवलेला असतो. २४ व्होल्टवर त्याच्यात तीन वॅट उष्णता होते आणि झेनरही सोबत जातो.

जळालेला रेझिस्टर मोजून आलेला आकडाही धरू नका, कारण भाजल्यावर मूल्य सरकतं. सर्किट डायग्राम, बोर्डवर छापलेला आकडा किंवा तसाच दुसरा चांगला बोर्ड, यांपैकी काहीतरी मिळवा. काहीच नसेल तर लोडला लागणाऱ्या करंटवरून उलट हिशोब करावा लागतो, तो पुढे येतो आहे.

## ४. रेझिस्टरवरचे व्होल्ट सर्वांत वाईट वेळी मोजा

मूळ डिझाइन करणाऱ्याने बहुधा असा हिशोब केलेला असतो:

```
P = (24 - 12)² / 470 = 0.31 W
```

०.३१ वॅट आणि रेझिस्टर अर्ध्या वॅटचा. कागदावर छान दिसतं. गोची अशी की २४ हे बॅटरीच्या जोडीचं नाव आहे, तिचं व्होल्टेज नाही. चार्जर जोर धरतो तेव्हा एकेका बॅटरीवर १४.४, म्हणजे दोन्ही मिळून २८.८ व्होल्ट असतात. रेझिस्टरच्या वाट्याला तेव्हा १२ ऐवजी १६.८ येतात:

```
P = (28.8 - 12)² / 470 = 0.60 W
```

सप्लाय फक्त २० टक्के वाढला. रेझिस्टरवरचे व्होल्ट ४० टक्के वाढले, कारण झेनर त्याचे १२ सोडत नाही आणि वरचं सगळं रेझिस्टरलाच झेलावं लागतं. वॅट व्होल्टच्या वर्गाने वाढतात, म्हणून उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. चार्जिंगच्या वेळीच बिघाड का येतो, त्याचं उत्तर एवढंच.

आता सुट्या भागांमधला फरक धरा. रेझिस्टर पाच टक्के कमी निघाला तर ४४६.५ ओम, झेनर पाच टक्के कमी निघाला तर ११.४ व्होल्ट:

```
P = (28.8 - 11.4)² / 446.5 = 0.68 W
```

वॅटेज ठरवताना हा ०.६८ धरायचा. सप्लाय सर्वांत जास्त, रेझिस्टर सर्वांत कमी, झेनर सर्वांत कमी, आणि लोड चालू असो वा नसो. झेनर रेग्युलेशनमध्ये असेपर्यंत लोडने रेझिस्टरमधल्या उष्णतेत फरक पडत नाही, लोड फक्त झेनरचा भार हलका करतो. लोड बंद असताना रेझिस्टर गार राहील असं समजणारे बरेच जण भेटतात.

हिशोबावर विश्वास नसेल तर मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, दोन्ही टोकं रेझिस्टरच्या दोन पायांवर, चार्जर पूर्ण जोरात असताना. आलेल्या आकड्याचा वर्ग भागिले ओम. क्लिप असलेल्या वायरी सप्लाय बंद असताना अडकवून घ्या, चालू बोर्डवर टोकं घसरली की शेजारचं काहीतरी शॉर्ट होतं.

इथे एक सापळा आहे. रेझिस्टरवर सरळ डीसी नसून पीडब्ल्यूएमचे पल्स असतील, तर मीटर सरासरी दाखवतो आणि उष्णता सरासरीवर ठरत नाही. समजा ४७० ओमवर २४ व्होल्ट एक चतुर्थांश वेळ येतात. मीटर ६ व्होल्ट दाखवेल आणि त्यावरून ०.०८ वॅट निघतील. खरे वॅट मात्र २४ व्होल्टचे १.२३ वॅट गुणिले ०.२५, म्हणजे ०.३१. चौपट चूक. पल्स असतील तर शिखराचे व्होल्ट आणि चालू राहण्याचा काळ, दोन्ही हातात हवेत.

## ५. डब्याच्या आतली हवा किती गरम आहे?

डेटाशीटवरचा अर्धा वॅट हा ७० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो. त्यापुढे रेझिस्टरने सोसायचे वॅट सरळ रेषेत कमी होत जातात, आणि साध्या कार्बन फिल्म प्रकारात बहुधा १५५ अंशांना शून्यावर येतात. हीट सिंकशेजारी, बंद डब्यात, ८५ अंश सहज मिळतात:

```
(155 - 85) / (155 - 70) = 0.82
0.5 W × 0.82 = 0.41 W
```

म्हणजे आपला अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आता ०.४१ वॅटचा उरला, आणि त्याच्यावर ०.६८ लादले आहेत.

या रेषेतून आणखी एक कामाची गोष्ट काढता येते. ७० अंशांत पूर्ण अर्धा वॅट दिला तर अंग १५५ वर जातं, म्हणजे ८५ अंशांची वाढ. एका वॅटला १७० अंश. याच मापाने एक वॅटच्या रेझिस्टरला ८५ अंश, दोन वॅटच्याला साधारण ४२ अंश. पाय किती लांब ठेवलेत आणि तांब्याचा ट्रॅक किती रुंद आहे यावर हे थोडं बदलतं, पण तुलनेला पुरेसं आहे. आपले ०.६८ वॅट ८५ अंशांच्या हवेत घातले तर:

- अर्धा वॅट: २०० अंशांच्या आसपास, म्हणजे जळणार.
- एक वॅट: १४३ अंश.
- दोन वॅट: ११४ अंश.

उष्णता तिन्ही वेळा तेवढीच आहे, ०.६८ वॅट. मोठा रेझिस्टर कमी उष्णता बनवत नाही, ती जास्त पृष्ठभागावरून सोडतो म्हणून स्वतः कमी तापतो. त्यामुळे दोन वॅटचा लावला तरी डबा तेवढाच गरम होणार, हे लक्षात असू द्या.

हवा मोजायची तर थर्मोकपलचं टोक रेझिस्टरपासून एक-दोन सेंटिमीटर दूर ठेवा, अंगाला टेकवू नका. झाकण बंद करून तासभर चार्जिंग चालू द्या आणि मग आकडा बघा. झाकण उघडं ठेवून मोजलेला आकडा इथे निरुपयोगी आहे.

## मग किती वॅटचा घ्यायचा?

माझा नियम: सर्वांत वाईट परिस्थितीत काढलेले वॅट हे त्या तापमानाला कमी करून आलेल्या रेटिंगच्या निम्म्यावर किंवा त्याखाली असावेत. ०.६८ साठी तसं १.३६ वॅट हवेत, ८५ अंशांना. भागिले ०.८२ केलं की १.६६. बाजारात मिळणारा पुढचा आकडा २ वॅट. झालं.

एक वॅटचा का नको, असं विचारलं जातं. त्याचं कमी केलेलं रेटिंग ०.८२ आहे, ०.६८ त्यात बसतात, डेटाशीटप्रमाणे तो पास आहे. पण त्याचं अंग १४३ अंशांवर राहणार आणि ती उष्णता पायांमधून सोल्डरमध्ये आणि बोर्डमध्ये उतरणार. रेझिस्टर टिकेल, बोर्ड करपेल, सोल्डर तडकेल. शिवाय चार्जर अर्ध्या व्होल्टने जास्त देणारा निघाला तर उरलेली जागाही आणखी कमी होते. दुप्पट मार्जिनचा खरा फायदा रेझिस्टरपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं, आणि आपल्या बोर्डवर तो बहुधा रेझिस्टरला खेटूनच असतो.

आकार मात्र बघून घ्या. मेटल ऑक्साइड प्रकारात काही रेझिस्टर अंगाने लहान असून २ वॅटचे असतात, कारण त्यांना २३५ अंशांपर्यंत तापायची मुभा दिलेली असते. त्यांचा हिशोब लावला तर दर वॅटला ८० अंशांहून जास्त वाढ येते, म्हणजे आपल्या सर्किटमध्ये १४० च्या आसपास. दोन वॅट छापलेलं असूनही तापमान एक वॅटच्या कार्बन फिल्मइतकंच. असाच मिळत असेल तर ३ वॅटचा घ्या.

जागा अडचणीची असेल तर १ किलोओमचे एक वॅटवाले दोन समांतर लावा. मिळून ५०० ओम होतात, उष्णता दोघांत वाटली जाते, प्रत्येकी ०.३२ वॅट. दोघांमध्ये थोडं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकांना तापवत बसतात.

आणि पाचपट, दहापट मार्जिन? नको. मोठा रेझिस्टर पायांवर लोंबकळतो, कंपनाने सोल्डर तुटतं. वायरवाउंड घेतला तर त्याच्या गुंडाळीचं इंडक्टन्स काही सर्किटांत नडतं. शिवाय झेनर शॉर्ट झाला तर दहा वॅटचा रेझिस्टर १.७६ वॅट मजेत सोसत राहतो, करंट जेमतेम ६० मिलिअँपिअर असल्याने फ्यूजही उडत नाही, आणि बिघाड दिसायला उशीर होतो.

## ओम वाढवून सुटका करून घेऊ नका

जळणं थांबावं म्हणून ४७० च्या जागी एकच १ किलोओमचा लावलेले बोर्डही येतात. जळणं थांबतं खरं. पण लोडला १० मिलिअँपिअर आणि झेनरला निदान ५ लागत असतील, तर बॅटरी उतरून २१ व्होल्टवर आल्यावर काय होतं बघा. १ किलोओममधून १२ व्होल्ट राखून फक्त ९ मिलिअँपिअर येऊ शकतात. लोडलाच कमी पडतात, १२ व्होल्टची लाइन खाली बसते, आणि रिले नेमका बॅटरी संपत आल्यावर कडकड वाजायला लागतो. त्याच वेळी ४७० ओम १९ मिलिअँपिअर देतो. म्हणजे मूळ डिझाइनमध्ये ओम बरोबर होते, चुकले ते वॅट. वरच्या समांतर जोडीचा धोकाही हाच आहे: दोनपैकी एक तुटला तर उरतो तो १ किलोओमच.

## बसवताना

नवा रेझिस्टर बोर्डला चिकटवून लावू नका. पाच ते दहा मिलिमीटर वर उचला. पायांना छोटी वाकण देऊन किंवा सिरॅमिक मणी घालून तो जागेवर राहतो. काळा पडलेला बोर्ड चाकूने खरवडून काढा, कारण कोळसा झालेला भाग वीज वाहायला लागतो. पॅड उचकटला असेल तर पाय ट्रॅकवर पुढे नेऊन सोल्डर करा. शेजारचा फुगलेला कपॅसिटर १०५ अंशांचा घेऊन बदला आणि जमलं तर बोर्डच्या मागच्या बाजूने लावून लांब न्या.

## इथे थांबा, जाणकाराला द्या

वरचं सगळं बॅटरीवरच्या, पन्नास व्होल्टांच्या आतल्या सर्किटसाठी आहे. पुढच्या बाबतींत हात घालू नका:

मेन्सला थेट जोडलेला रेझिस्टर असेल तर. २३० व्होल्टच्या मेन्सवर रेक्टिफायरनंतरच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. तिथे वॅटशिवाय रेझिस्टरची व्होल्टची मर्यादाही लागते. पाव वॅटच्या सामान्य कार्बन फिल्मला ती बहुधा २५० व्होल्ट असते, त्यामुळे १ मेगओमचा रेझिस्टर ०.१ वॅटवरही निकामी होऊ शकतो. हे वॅटच्या हिशोबात कधीच दिसत नाही.

रेझिस्टर फ्यूजिबल प्रकारचा असेल तर. तो ठराविक भाराला तुटावा म्हणूनच लावलेला असतो. वॅटेज वाढवलं तर तो तुटणार नाही आणि आग दुसरीकडे लागेल. डायग्राममध्ये त्याच्यापाशी इशाऱ्याचं चिन्ह असेल तर जसाच्या तसा मूळ भागच लागतो.

बोर्ड आरपार जळून आतले थर उघडे पडले असतील, किंवा बॅटरीच फुगली, गळाली, गरम झाली असेल तर.

आणि शेवटचं: २ वॅटचा बसवून, झेनर नवा घालूनही रेझिस्टरवर २० व्होल्टांच्या वर मोजले जात असतील, तर चार्जर बॅटरीला ३२ च्या पुढे नेतो आहे. रेझिस्टर बदलणं तिथेच थांबवा, चार्जर सोडवा, आणि त्याचं रेग्युलेशन तपासणाऱ्याकडे चार्जर आणि बॅटऱ्या दोन्ही घेऊन जा.